एकनाड आहे म्हणून स्थळ सोडण्याआधी चंद्राचे अंश बघा

पत्रिका जुळवणाऱ्या ॲपचं गणित चुकतं, असं मला वाटत नाही. जन्मवेळ आणि गाव बरोबर टाकलं, तर चंद्र कुठे होता हे ॲप अगदी नेमकं सांगतं. माझा आक्षेप आहे तो शेवटी मोठ्या अक्षरांत येणाऱ्या '३६ पैकी इतके' या आकड्यावर आणि तो बघून लगेच 'नको' कळवणाऱ्या आपल्यासारख्या घरांवर.

आमच्याच नात्यातलं उदाहरण घ्या. मुलीची आणि मुलाची माहिती दोन ॲपमध्ये टाकली, अक्षरही न बदलता. एकाने सुमारे १९ गुण दिले आणि लाल रंगात 'नाडी दोष' दाखवला. दुसऱ्याने सुमारे २७ दिले, दोष नाही. घरात वाद सुरू झाला, की खरं ॲप कोणतं? दोन्हींचं गणित बरोबर होतं.

अष्टकूट गुणमेलन जवळजवळ सगळं चंद्राच्या राशीवर आणि नक्षत्रावर उभं आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. मुलाचं रेवती, ते दोन्हीकडे तेच राहिलं. मुलीचा चंद्र मात्र पहिल्या ॲपमध्ये वृषभेत २२ अंश ५० कलांवर होता. रोहिणी वृषभेच्या २३ अंश २० कलांवर संपते आणि तिथून मृग सुरू होतं. म्हणजे ती सीमेच्या अर्धा अंश अलीकडे, रोहिणीच्या चौथ्या चरणात. दुसऱ्या ॲपमध्ये तिचा चंद्र २४ अंशांच्या थोडा पुढे, म्हणजे मृगात. रोहिणी आणि रेवती दोन्ही अंत्य नाडीची, म्हणून एकनाड आणि नाडीचे शून्य गुण. मृग मध्य नाडीचं, म्हणून पूर्ण आठ. रास वृषभच राहिल्याने भकूट आणि ग्रहमैत्री हलले नाहीत. रोहिणी आणि मृगाची योनीही एकच, सर्प. फरक पडला तो जवळजवळ सगळा नाडीचाच.

चंद्र हलला कसा? अयनांशामुळे, म्हणजे ग्रहांच्या स्थानातून वजा करायच्या अंशांमुळे. राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा, यावर मतभेद आहेत. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला. ॲपमध्ये तो बहुधा 'लाहिरी' नावाने असतो. 'रमण' अयनांश त्यापेक्षा सुमारे दीड अंशाने कमी आहेत, म्हणून ते निवडले की सगळे ग्रह तेवढे पुढे सरकतात. टिळक पंचांगाच्या रैवत पक्षाचा फरक तर चारेक अंशांचा आहे. नक्षत्र तेरा अंशांचं आणि सरक दीड अंशाची, म्हणजे साधारण नऊ जणांमागे एकाचं नक्षत्र नुसत्या सेटिंगने बदलतं. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की गुणांच्या आधी 'ग्रहस्पष्ट' उघडा आणि दोघांचेही चंद्राचे अंश बघा. नक्षत्राच्या सीमेपासून दीड-दोन अंशांच्या आत असेल, तर सेटिंगमध्ये कोणते अयनांश आहेत ते तपासा आणि दोन्ही घरांनी एकच पद्धत ठरवून पुन्हा काढा. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो. त्यामुळे दवाखान्यातल्या वेळेत दहा मिनिटांची चूक असली, तरी सीमेला अगदी चिकटलेला चंद्र सोडला तर नक्षत्र बदलत नाही. लग्नाचं तसं नाही. पत्रिकेतलं लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं आणि मंगळाचा दोष बहुतेक जण लग्नापासूनच मोजतात. परदेशात उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाच्या वेळेला घड्याळ एक तास पुढे असण्याचा हिशेब ॲपने धरलाय का, हेही बघा.

आणि परिहार! जुन्या परंपरेत काही नक्षत्रांना नाडीदोष लागत नाही असं मानतात, आणि त्या यादीत रोहिणी आणि रेवती दोन्ही आहेत. म्हणजे लाल शेरा मारणारं ॲप परंपरेचाही अर्धाच भाग वाचत होतं. शास्त्र मानायचं तर पूर्ण माना, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. नाडी म्हणजे रक्तगट, एकनाड असेल तर मुलं धड होत नाहीत, असं मुलीच्या आईला तोंडावर सांगितलं जातं. जी नाडी सेटिंग बदलल्यावर अंत्यची मध्य होते, तिचा त्या मुलीच्या रक्ताशी काय संबंध? होणाऱ्या बाळाची खरी काळजी असेल, तर दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही माहिती लग्नाआधी हातात असली, तर डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवता येतं.

आमच्याकडे अजून बोलणी चालू आहेत. रक्ततपासणीचं मी दोन्ही घरांना सांगितलंय.