कापलेल्या क्लिपला सत्तर सेकंदांचं उत्तर: एका प्रतिक्रियेच्या निमित्ताने

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा खुलाशाचा व्हिडिओ पाहिला. पटला नाही. अख्ख्या जिल्ह्यात फिरलेली क्लिप तुम्ही जेमतेम तीन-चार सेकंद दाखवता, तीही मुकी. आरोप काय आहे हे आधी नीट सांगा, मग खोडा. कोणी पसरवलं त्याचं नाव नाही. द्राक्षात केमिकल नसतं असंही छातीठोकपणे म्हणत नाही. आम्हा बागायतदारांना हे गुळमुळीत वाटलं. – निफाडहून एक द्राक्ष उत्पादक"

दादा, सुरुवात क्लिपमध्ये नेमकं काय कापलं गेलं तिथून करतो, कारण स्क्रिप्ट सगळी त्यावरून ठरली.

मूळ व्हिडिओ आमच्या चॅनेलवरचा, डिसेंबरमधला, दिंडोरी तालुक्यातल्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेतला. विषय जीएचं डिपिंग, म्हणजे मणी मोठा व्हावा म्हणून घड जीए या संजीवकाच्या पाण्यात बुडवणं. मणी तेव्हा ज्वारीएवढा, तीन-चार मिलिमीटरचा. तिथे माझं वाक्य असं आहे: "जीएची पावडर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्याशा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात मिसळायची, ४० पीपीएमचं पाणी हवं असेल तर एक ग्रॅम पावडरला २५ लिटर पाणी." कापणाऱ्याने "अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची" इथे कात्री लावली आणि पुढचं अर्धं मिनिट उडवून थेट "घड पूर्ण बुडवायचा" हे वाक्य जोडलं. म्हणजे ऐकणाऱ्याला घड अ‍ॅसिटोनमध्येच बुडवतात असं वाटणार. वर ओळ टाकली की बाजारात पाठवण्याआधी द्राक्षांना असा रंग देतात.

आडवा व्हिडिओ उभा कापल्यामुळे कोपऱ्यातलं आमचं नाव आणि खाली कडेची "डिसेंबर, पहिलं डिपिंग" ही पट्टी दोन्ही गेली. क्लिप फिरली फेब्रुवारीत, जेव्हा नाशकात पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत हातगाड्यांवर द्राक्षंच द्राक्षं असतात. तारीख नसलेला हिरवा घड पाहणाऱ्याने तो कालचाच समजला, यात त्याला काय दोष द्यायचा?

तर उत्तराला तीनच गोष्टी सांगायच्या होत्या: घड कधीचा, पाणी कशाचं, आणि वाक्य कुठे कापलं. वाचलेली स्क्रिप्ट ही:

> "द्राक्षाचा ज्वारीएवढा मणी मोठा व्हावा म्हणून शेतकरी डिसेंबरमध्ये घड जीएच्या पाण्यात बुडवतात. जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, झाडाच्या वाढीचं संजीवक. दिंडोरीच्या बागेत एक ग्रॅम पावडर २५ लिटर पाण्यात मिसळली होती. आमच्या व्हिडिओतली दोन वाक्यं कापून जोडलेली एक क्लिप फिरते आहे. जोडावर मागच्या ब्लोअरचा आवाज मध्येच तुटतो. आमच्या मूळ व्हिडिओतला तोच भाग आता न कापता पाहा."
>
> *(मूळ व्हिडिओ, ६:४० ते ७:२५, वेळ पडद्यावर दिसत राहील)*
>
> "दिंडोरीच्या बागेतला घड डिपिंगनंतर दोन महिन्यांहून जास्त काळ वेलीवर होता. पूर्ण व्हिडिओ आमच्या चॅनेलवर डिसेंबरपासून आहे, तसाच आहे."

आता तुमचा पहिला आक्षेप, आरोप आधी नीट सांगण्याचा. समोरासमोरच्या वादात तुमचं बरोबर आहे. व्हिडिओत मात्र तसं केलं की आरोपच पुन्हा एकदा, आपल्या आवाजात आणि आपल्या नावानिशी फिरतो. ज्याने क्लिप पाहिलीच नाही अशा नागपूरच्या माणसाला आपणच ती सांगितल्यासारखं होतं, आणि पहिले पाच सेकंद पाहून पुढे सरकणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं. जॉर्ज लेकॉफ या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने यावर सुचवलेली रीत 'ट्रुथ सँडविच' या नावाने ओळखली जाते: आधी खरं, मध्ये थोडक्यात खोटं, शेवटी पुन्हा खरं. आमची स्क्रिप्ट त्याच बांधणीची आहे. 'रंग' हा शब्द मी तोंडातून काढलेलाच नाही. ज्याच्यापर्यंत क्लिप पोचली आहे त्याला "घड बुडवतात" एवढ्यावरून कळतं मी कशाबद्दल बोलतोय. ज्याच्यापर्यंत पोचली नाही तो डिपिंगची माहिती घेऊन जातो.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. ज्याने एकदा कापलं तो खुलासाही कापणार, हे धरूनच लिहायचं. मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला येतो. "द्राक्षांना केमिकलचा रंग देतात हे साफ खोटं आहे" या वाक्याचं शेवटचं टोक छाटलं की आपल्याच तोंडी कबुलीजबाब तयार. म्हणून स्क्रिप्टचा कच्चा खर्डा झाल्यावर मी प्रत्येक वाक्य सुटं काढून वाचतो, मग त्याचा पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा वेगवेगळा वाचतो. कुठलाही तुकडा एकटा फिरला तर काय होईल? "दिंडोरीच्या बागेत एक ग्रॅम पावडर २५ लिटर पाण्यात मिसळली होती" हे वाक्य कुठेही तोडा, त्यातून भयानक काही निघत नाही. स्क्रिप्टमध्ये "ते", "तसं", "हे असं" असे मागच्या वाक्यावर रेलणारे शब्दही शक्यतो टाळलेत, म्हणून 'दिंडोरीची बाग' दोनदा आली आहे. ऐकायला थोडं खडबडीत वाटतं, मान्य आहे, पण इथे तेच उपयोगाचं. बोलतानाही एका दमात बोललो, कारण श्वास घ्यायला थांबलं की कात्रीला आयती जागा मिळते.

फिरणारी क्लिप मुकी दाखवली त्याचंही कारण हेच. तिच्यावर "कापून जोडलेली क्लिप" ही तिरकी पट्टी मुद्दाम मधोमध, घडाच्या अंगावरून नेली आहे. कोपऱ्यात ठेवली असती तर पुन्हा कडा कापून कोणीही ती उडवली असती. मूळ भाग दाखवताना वेळही मधोमध ठेवली आहे, ती तुम्हाला डोळ्यात खुपली असेल. खाली मराठी अक्षरं टाकलीत, कारण असे व्हिडिओ बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात.

आता 'गुळमुळीत' या शब्दावर येतो, कारण खरा मतभेद इथे आहे. द्राक्षात केमिकल नसतं असं मी म्हणणार नाही. जीए हे रसायनच आहे. बागेत भुरी आणि डाउनी या रोगांसाठी फवारण्या होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत याचे नियम आहेत, युरोपला जाणाऱ्या मालाची नमुना तपासणी अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट यंत्रणेतून होते. नसतंच तर ही यंत्रणा कशाला लागली असती? खुलाशात जेवढं खोटं आहे तेवढंच खोडायचं. मी "शंभर टक्के शुद्ध" म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी फवारणीचा, अगदी खरा, व्हिडिओ समोर ठेवला असता आणि अ‍ॅसिटोनचं खरं उत्तरही त्याच्यासोबत वाहून गेलं असतं. "अ‍ॅसिड" हा शब्द गाळावा असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, लोक घाबरतात म्हणून. मी ठेवला. आपण लपवलेलं नाव दुसऱ्याने 'उघड' केलं तर ते जास्त घाबरवतं.

आणि हो, अ‍ॅसिटोनचं वाक्य मूळ तुकड्यात जसंच्या तसं ऐकू येतं. ज्या शब्दावर क्लिप उभी आहे तोच गाळला असता तर खुलासाही कापलेलाच ठरला असता.

नाव न घेण्याबद्दल: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फॉरवर्डवरून क्लिप पहिल्यांदा कोणी टाकली हे तुम्हा-आम्हाला कळत नाही. दोन बाणांची खूण एवढंच सांगते की मेसेज बऱ्याच हातांतून आला आहे. ज्याने मला पाठवली त्याला आणखी कोणीतरी पाठवली होती. अंदाजाने एखाद्याचं नाव घेतलं असतं तर भांडण सुरू झालं असतं आणि दोन महिन्यांच्या अंतराचा मुद्दा बाजूला पडला असता. बागेच्या मालकाचंही नाव नाही, चेहरा खुलाशात धूसर केला आहे. त्यांनी मूळ व्हिडिओला परवानगी दिली होती ती डिपिंग दाखवायला, या वादात उभं राहायला नव्हे. ऐन काढणीत व्यापाऱ्याने त्यांनाच फोन करून "ती बाग तुमचीच ना" विचारलं असतं तर नुकसान त्यांचं होतं.

लांबी सत्तर सेकंद का, तर क्लिप फाइल म्हणून फिरत होती आणि उत्तरही फाइल म्हणूनच फिरायला हवं. गटात यूट्यूबची लिंक टाकली की किती जण उघडतात हे तुम्ही जाणताच. म्हणून उभी, लहान आकाराची फाइल आधी बागायतदारांच्या गटांत दिली आणि मग चॅनेलवर टाकली. इथे एक गोष्ट आमच्या फायद्याची आहे: दोन बाणांची खूण आलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं, नव्या फाइलला पाचपर्यंत मुभा असते.

सगळ्याच क्लिपना असं उत्तर द्यायचं नसतं. पहिल्यांदा ती दोन-तीन गटांत दिसली तेव्हा आम्ही तिथेच मूळ व्हिडिओतली वेळ लिहून गप्प बसलो. मुंबईच्या खरेदीदारांचे फोन पिंपळगावला येऊ लागल्याचं कळलं तेव्हा व्हिडिओ केला. त्याआधी केला असता तर प्रसिद्धी आम्हीच केली असती.

खुलासा लागू पडतोय का हे पाहायला लाइक उपयोगाचे नाहीत. बाहेर पाठवण्याआधी तो आम्ही क्लिप न पाहिलेल्या एका ओळखीच्या बाईंना दाखवला आणि "काय कळलं?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "मणी मोठा व्हायला औषधात बुडवतात, डिसेंबरात." हेच हवं होतं. "रंग देत नाहीत म्हणे" असं त्या म्हणाल्या असत्या तर स्क्रिप्ट पुन्हा लिहिली असती. आता खाली येणारे प्रश्न बदललेत: जीए किती, दुसरं डिपिंग कधी, हातमोजे का. ज्यांनी ठरवूनच ठेवलंय त्यांच्यापर्यंत मात्र हा व्हिडिओ पोचणार नाही.

मूळ व्हिडिओ काढून टाका असं दोघा-तिघांनी सुचवलं. तो काढला तर ६:४० ते ७:२५ कोण तपासणार? तो तिथेच आहे. शीर्षकात "डिसेंबर" घातलं आहे, आणि वर पिन केलेल्या कमेंटमध्ये खुलाशाची लिंक आणि ती वेळ दिली आहे. तुमच्या गटात क्लिप पुन्हा आली तर वाद न घालता तेवढी वेळ लिहा, आणि कृपा करून "ही बघा खोटी क्लिप" म्हणून तीच पुढे पाठवू नका.