धंदा विकत घेताय? तळाची ओळ बघा आणि चेक फाडा

समजा, भोसरीत पत्राकामाचं एक वर्कशॉप विकायला निघालंय. करपूर्व नफा 80 लाख, भाव नफ्याच्या पाचपट, म्हणजे 4 कोटी. शेठ चहा पाजतात, वर क्रीमरोल. अशा माणसाच्या हिशेबाची पानं उलटणं बरं दिसतं का?

निदान 'इतर उत्पन्न' या ओळीकडे तरी फिरकू नका. तिथे मागचा मोकळा प्लॉट विकून आलेले 24 लाख निवांत पहुडलेत. गेल्या वर्षापर्यंत त्या प्लॉटवर गवत उगवायचं, यंदा नफा उगवला. पुढच्याही वर्षी उगवेल. (प्लॉट आता दुसऱ्याचा आहे, पण ते असो.) या 24 लाखांचे पाचपटीने तुम्ही 1 कोटी 20 लाख मोजणार आहात, आणि बदल्यात प्लॉटवरचं गवतही मिळणार नाही.

शेजारीच आणखी 6 लाख आहेत. काही जुन्या पुरवठादारांनी उधारी मागायचं सोडून दिलं, तेव्हा शेठनी ती देणी खोडली आणि रक्कम नफ्यात घेतली. हे पैसे बँकेत कधी आलेच नाहीत, त्यामुळे बँक स्टेटमेंट मागून शेठना ओशाळवाणं करू नका.

शेठ स्वतः सकाळी आठपासून दुकानावर असतात, पण पगार घेत नाहीत. शेड वहिनींच्या नावावर, भाडं शून्य. काय ही साधी राहणी! विक्रीनंतर तुम्हाला मॅनेजरला वर्षाचे 14 लाख आणि वहिनींना महिन्याचा 1 लाख द्यावा लागेल, पण ती पुढची गोष्ट.

आता शेठच म्हणतील, "प्रेस मशिनच्या दुरुस्तीचे 9 लाख वन-टाइम होते हो, ते नफ्यात मिळवा. 89 धरा." लगेच मिळवा. गेल्या वर्षीही दुरुस्तीला 7 लाख लागले होते आणि त्याआधी 11, हे बघायला तीन वर्षांचे हिशेब शेजारी-शेजारी मांडावे लागतात. एवढा वेळ कुणाला आहे? गणपतीही वर्षातून एकदाच येतात. त्यांना वन-टाइम म्हणायची हिंमत मात्र अजून कुणी केलेली नाही.

एवढं करूनही सीए करणारा एखादा पुतण्या सोबत असतोच. तो क्रीमरोलच्या कागदावर खरडतो: 80 वजा 24, वजा 6, वजा 14, वजा 12. उरले 24. दुरुस्तीचं काही मिळवत नाही. पाचपट केली तर अख्ख्या धंद्याचे 1 कोटी 20 लाख, म्हणजे तुम्ही नुसत्या गवताला देणार होता तेवढेच.

पुतण्याला आणखी क्रीमरोल आणायला पाठवा आणि तो परतायच्या आत सही करा. पुढच्या मार्चला नफा 24 लाखच दिसला, तर शेठना फोन लावा. लागला नाही तर समजा, नवीन प्लॉट बघायला गेले असतील.