पगारवाढ जिरवण्याची खान्देशी रीत

अभिनंदन! जळगावच्या एमआयडीसीत इतकी वर्षं घासल्यावर महिना दहा हजारांची वाढ झाल्याचं पत्र हातात पडलं. आता ही वाढ दिवाळीपर्यंत पुरती जिरली पाहिजे. काम अवघड नाही, फक्त क्रम चुकवू नका.

पहिलं म्हणजे, पत्रावरचा आकडाच खरा माना. 'दहा हजार वाढले' असं घरी, सासरी आणि टपरीवर सांगून मोकळे व्हा. सीटीसीचं पत्र नीट वाचलं तर घोटाळा होतो. दहातले पाच हजार बेसिकमध्ये गेले आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर तुमचे १२ टक्के ६०० जातात. कंपनीचेही ६०० त्याच दहा हजारांत धरलेले असतात, वर ग्रॅच्युइटीचे २४० असतात. हातात उरतात ८,५६०. पण खर्च मात्र दहाच्याच हिशेबाने वाढवायचा. दरमहा १,४४० चा खड्डा बसल्या जागी तयार होतो, आणि तो कुठून पडला हे शोधण्यात वर्ष छान जातं.

दुसरी पायरी एरियर्सची. वाढ एप्रिलपासून आणि पत्र जुलैत, म्हणजे जुलैच्या पगारात तीन महिन्यांचे २५,६८० एकदम येतात. आधी ४२ हजार हातात पडायचे, आता बँकेच्या मेसेजात ७६,२४० दिसतात. तो मेसेज जपून ठेवा. बाईकच्या शोरूममध्ये जायचा मुहूर्त हाच. ऑगस्टमध्ये गेलात तर खात्यात ५०,५६० च दिसतील आणि उगाच विचार सुरू होईल. एरियर्स डाउन पेमेंटला घाला, वर एक लाखाचं कर्ज घ्या. ११ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता ३,२७४ बसतो. एरियर्स एकदाच येतात, हप्ता छत्तीसदा जातो. पण असल्या गोष्टी शोरूममध्ये कोण बोलतं भो?

घरातून बचतीचा विषय निघालाच तर तयार उत्तर आहे: सोनं. आपण सुवर्णनगरीचे लोक, दागिना म्हणजे बचतच! ६० हजारांच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ ७,२००, वर तीन टक्के जीएसटी २,०१६, बिल ६९,२१६. दुसऱ्या दिवशी मोडायला नेलात तर सराफ फक्त सोन्याचे पैसे देईल. मोडायचं नाहीच म्हणा, म्हणजे तोटा दिसत नाही.

आता खरा धोका. शेजारच्या वहिनी पोस्टात जायला सांगतील. पगार ७ तारखेला झाला की ८ तारखेला पाच हजारांची आरडी उघडा आणि पोस्टाच्या बचत खात्यातून हप्ता आपोआप वळता व्हायची सोय करून घ्या, म्हणतील. हे अजिबात करू नका, कारण पैसा डोळ्यांसमोरच येत नाही. सध्याच्या ६.७ टक्के दराने ६० महिन्यांनी ३,५६,००० च्या वर रक्कम हातात पडते. खातं उघडताना जो दर असतो तोच शेवटपर्यंत राहतो, त्यामुळे व्याज घटलं म्हणून ते मध्येच सोडायची सबबही मिळत नाही.

वहिनींचा हिशेब तर फारच खोचक. ८,५६० तले १,७५० त्या महागाईला सोडतात, कारण घरखर्च ३५ हजार आणि पाच टक्के भाव वाढतातच. सगळी वाढ बचतीत कोंबली तर तिसऱ्या महिन्यात आरडी मोडावीशी वाटते. पाच हजार आरडीला. उरलेले १,८१० बिनहिशेबी मौजेला, म्हणजे हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी आणि चार मित्र. आता या माणसाला कंजूष म्हणायचं तरी कसं?

आरडी उघडलीच असेल तर निदान ती हाताने भरा. पंधरा तारखेच्या आत उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या पंधरापर्यंत भरायचा असतो. तुम्ही 'महिनाअखेर जे उरेल ते टाकू' असं ठरवा. काही उरत नाही. शंभराला एक रुपया दंड, म्हणजे महिना ५० रुपये, त्याने कुणी हलत नाही. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. पुन्हा चालू करायला दोन महिन्यांची मुदत असते, तेवढे दिवस लग्नसराईत सहज निघतात.

अशा रीतीने पुढच्या जुलैत नवं पत्र येईल तेव्हा बाईकचे २४ हप्ते बाकी असतील, आणि पोराला सायलेन्सर बदलायचा असेल.