आठ टक्क्यांचा सुखी शिफ्ट इन्चार्ज

अभिनंदन! तालुक्याच्या गावी, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर चालणाऱ्या वीज तक्रार कॉल सेंटरचे तुम्ही शिफ्ट इन्चार्ज झालात. आता दर सोमवारी तुमच्या टेबलावर एक तक्ता येईल. कोणत्या तासाला किती फोन आले, त्यातले किती 'अबँडन' झाले, म्हणजे कोणी उचलायच्या आत समोरच्यानं कंटाळून ठेवून दिले, आणि लोक सरासरी किती सेकंद ताटकळले, हे सगळं त्यात असतं. तासांच्या चोवीस ओळी असतात आणि खाली एकूण.

तुम्ही फक्त खालची ओळ वाचायची. समजा दिवसभरात ४०० फोन आले आणि ३२ सुटले. ८ टक्के. साहेबांना कळवून टाका आणि चहा मागवा. वरच्या ओळींत डोकावलात तर उगाच दिसेल की सकाळी ८ ते ९ मध्ये आलेल्या ६० पैकी १८ सुटलेत, दुपारी १ ते २ मध्ये ३० पैकी ६, आणि उरलेल्या २२ तासांत मिळून ३१० पैकी फक्त ८. म्हणजे एका तासाला ३० टक्के, एकाला २०, आणि बाकी दिवसभर तीनाच्याही आत. ८ टक्के असा तास दिवसात कुठं सापडणारच नाही. पण असले शोध लावणाऱ्याला पगारवाढ मिळाल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

आठही जास्त वाटत असतील तर चोवीस तासांच्या टक्केवाऱ्यांची बेरीज करा आणि चोवीसनं भागा. रात्री तीनला आलेल्या दोन फोनांना सकाळच्या साठांएवढंच वजन मिळतं आणि आकडा आपसूक निम्म्यावर येतो. गणित चुकीचं आहे, पण बेरीज बरोबर असते. तपासणारे बेरीजच तपासतात.

ताटकळण्याचा आकडा तर आणखी गोड. तो बहुतेक तक्त्यांत फक्त उचललेल्या फोनांवरून काढलेला असतो. त्या सकाळच्या तासात उचलले गेलेले ४२ जण सरासरी ७० सेकंद थांबले, असं धरा. तक्त्यात ७० लागले. जे १८ जण तीन-तीन मिनिटं "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकून गेले, त्यांची मिनिटं कुठंच लागत नाहीत. ती धरली तर आकडा १०३ होतो. म्हणून धरू नका. लोक जितक्या लवकर कंटाळतील तितकी तुमची सरासरी देखणी.

एखादी आगाऊ एजंट विचारेल, "सर, हे १८ फोन म्हणजे १८ मानसं नसतीन ना? एकच काका सहा वेळा लावून रायले." तिला नंबर जुळवून बघू देऊ नका. तेच नंबर पुन्हा पुन्हा आलेले दिसले तर दोन गोष्टी उघड होतील. एक, सुटलेल्यांपैकी किती जणांचं शेवटी काम झालं. दुसरी जास्त वाईट. नऊ ते दहाच्या तासात दिसणारी गर्दी काही प्रमाणात आठ ते नऊच्या तासाचीच उरलेली थकबाकी आहे. मग नऊला माणसं वाढवण्याऐवजी आठला वाढवावी लागतील.

आणि आठला वाढवणं म्हणजे संकट. तुमच्या निम्म्या एजंट खेड्यांवरून एसटीनं येतात आणि एसटी सव्वानऊला लागते. म्हणून आठला चारच जण असतात, तर दुपारी दोन ते तीन या वीस फोनांच्या तासाला नऊ जण बसून डब्यातल्या तिखटाची तुलना करतात.

हिशेब करायचाच झाला तर शाळेतला करा. एका फोनला बोलणं आणि तक्रार नोंदवणं धरून ५ मिनिटं. साठ फोन म्हणजे ३०० मिनिटं, म्हणजे पाच माणसांचं तासभराचं काम. पाच माणसं लावली की झालं! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या गणितज्ञानं १९१७ साली दाखवून दिलं होतं की असं होत नसतं, कारण फोन मिनिटाला एक असे शिस्तीत येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी तीन मिनिटं सामसूम. सामसुमीत वाया गेलेला वेळ गर्दीत परत मिळत नाही, म्हणून बरोबर पाचच माणसं असतील तर रांग वाढतच जाते. त्याच्या सूत्रानं सहा माणसांवर सरासरी थांबणं सुमारे ३ मिनिटं येतं, सातांवर ४९ सेकंद, आठांवर १७. सहावरून सातवर जाताना दोन मिनिटं वाचतात, तर सातवरून आठवर जाताना अर्धं मिनिट. कोणत्या तासाला एक खुर्ची वाढवून सगळ्यात जास्त फायदा, हे त्यातून लख्ख दिसतं. सूत्र असं धरून चालतं की कोणी फोन ठेवतच नाही, त्यामुळे आकडे अंदाजाचेच. हे वाक्य पाठ करा. सूत्रच उडवून लावायला कामी येतं.

दुपारच्या वीस फोनांना चार जण पुरतात. म्हणजे गावातच राहणाऱ्या चौघांना सकाळी आठला बोलावून दुपारी लवकर सोडलं आणि एकच्या जेवणाच्या दोन पंगती केल्या, तर नवा माणूस न घेता दोन्ही खड्डे बुजतात. पण मग तुमच्या 'मनुष्यबळ कमी आहे' या अर्जाचं काय करायचं?

बरं, आठलाच गर्दी का होते, हे विचारू नका. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइन आठला येते, असं समजा. बहुतेक मोटारींना ऑटो स्टार्टर लावलेला. लाइन आली की सगळ्या एकदम उठतात, डीपीचा फ्यूज उडतो आणि पाच मिनिटांत तुमचा फोन वाजू लागतो. "मॅडम, डीपी गेली न बाप्पा! अर्धा वावर कोरडाच हाये." पुढच्या आठवड्यात तीच लाइन रात्री दहाला येते आणि तीच गर्दी रात्री दहाला. लाइनीचं वेळापत्रक तुमच्याच भिंतीवर, कॅलेंडरशेजारी टांगलेलं आहे. ते काढून तक्त्याशेजारी ठेवलं, तर पुढचा आठवडा आधीच दिसतो. त्यापेक्षा महिन्याभराची तासवार सरासरी घ्या. दिवसाचे आणि रात्रीचे आठवडे एकमेकांत मिसळतात, आठचा डोंगर अर्धा, दहाचा अर्धा. त्या सरासरीवर लावलेली शिफ्ट आलटून पालटून प्रत्येक आठवड्यात चुकते.

एवढं करूनही कोणी बोट ठेवलंच, तर शेवटचे दोन उपाय. पहिला, 'शॉर्ट कॉल'ची मर्यादा. पाच-दहा सेकंदांत ठेवलेला फोन चुकून लागलेला समजून मोजत नाहीत, ते रास्तच आहे. तुम्ही ती मर्यादा साठ सेकंद करा. तिथं एका मिनिटाच्या आत हरलेला कोणीही अबँडन राहत नाही.

दुसरा उपाय रामबाण. फोनच्या लाइनी कमी करून घ्या. एका पीआरआय जोडणीवर ३० जण एकाच वेळी येऊ शकतात. त्यातल्या बोलणाऱ्या चार आणि रांगेतली एक एवढ्याच चालू ठेवा. सहाव्या माणसाला थेट एंगेज टोन मिळेल. तो तुमच्या यंत्रापर्यंत पोचलाच नाही, म्हणून आलेल्यांत नाही, सुटलेल्यांत नाही आणि ताटकळलेल्यांतही नाही. सकाळच्या तासाची टक्केवारी एका रात्रीत खाली येईल. फक्त वावरातून थेट ऑफिसात येणाऱ्यांसाठी जिन्यापाशी दोन बाकडी ठेवा. त्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात नसते.