एका टिंबासाठी तीन साहेब

"धमकी देताय का?"

तहसील कार्यालयातल्या आवक टेबलावरच्या मॅडमनी परवा हे विचारलं, तेव्हा पोचेचा शिक्का त्यांच्या हातात वर उचललेला होता. तो तिथेच थांबला. माझ्यामागे रांगेत उभी असलेली नऊ-दहा माणसं लगेच माझ्याकडे निरखून बघू लागली. धमकी देणारा माणूस दिसतो कसा, हे पाहायची संधी सरकारी कचेरीत रोज मिळत नाही.

प्रकरण टिंबाचं आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर वडिलांचं नाव 'पांडुरंग'. तो संगणकावर चढला तेव्हा 'पाडुरंग' झाला. बँक म्हणते, आधारवर टिंब आहे, सातबाऱ्यावर नाही, म्हणजे ही दोन माणसं. अशा लेखनातल्या चुका दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये कलम 155 आहे. त्याखाली अर्ज दिला, दोन महिने वाट पाहिली, आता स्मरणपत्र आणलं होतं. स्मरणपत्राला वजन यावं म्हणून खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं: "प्रत : मा. विभागीय आयुक्त, मा. जिल्हाधिकारी, मा. उपविभागीय अधिकारी यांना तात्काळ कार्यवाहीसाठी रवाना."

"आयुक्तांना रवाना करताय?" मॅडम म्हणाल्या. "कुठं?"

रांग हसली. मला अजून त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

तेवढ्यात बाकावरून एक हात पुढे आला. "आणा इकडं तो कागद." हात अण्णांचा. अण्णा म्हणजे याच खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वतःच्याच कुठल्याशा कागदासाठी ते सकाळपासून तिष्ठत होते, पण कारकुनी रक्तात असली की पेन्सिल खिशात असतेच. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, कागद वाचला आणि लग्नपत्रिकेत श्राद्धाचा मजकूर सापडल्यासारखं तोंड केलं.

"दादा, वर जातो तो कागद सादर होतो. खाली जातो तो रवाना. तुम्ही आयुक्तांना शिपायाच्या रांगेत बसवलं." पेन्सिलीने 'रवाना' खोडून त्यांनी लिहिलं, 'माहितीस्तव सविनय सादर'. "आणि कार्यवाहीसाठी कशाला? तुमचं टिंब आयुक्त येऊन देणार आहेत का?"

हा मुद्दा त्यांनी सावकाश उलगडला. वरिष्ठाकडे 'आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' म्हणून कागद गेला की त्याला काहीतरी करावं लागतं, आणि करण्यासारखी एकच गोष्ट असते: तो खाली ढकलणं. जिल्हाधिकारी कार्यालयाची महसूल शाखा त्यावर पत्र चढवते, की मूळ अर्ज सोबत जोडला आहे, नियमोचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे. ते प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, येतं. प्रांत कार्यालय आणखी एक पत्र चढवून तहसीलदारांकडे पाठवतं. आठ-पंधरा दिवसांनी तोच कागद त्याच कारकुनाच्या टेबलावर येतो, फक्त पाठीवर दोन पत्रांचं ओझं घेऊन. आता त्याला टिंब द्यायचंच आहे, शिवाय दोन कार्यालयांना अहवालही. "तुम्ही त्याचं काम वाढवलं. मग तो तुमचं पहिल्यांदा का करेल?"

'माहितीस्तव' लिहिलेली प्रत बहुधा वरच नस्तीला लागते. निरुपयोगी वाटते, पण तिचा उपयोग पुढे होतो. उद्या कधी प्रांतांपुढे जावं लागलंच, तर विषय त्यांच्या आवक नोंदवहीत आधीपासून असतो.

"आणि तिघं कशाला?" अण्णांनी आयुक्तांवर आडवी रेघ मारली. मग जिल्हाधिकाऱ्यांवर. प्रत एकच पायरी वर जावी. तहसीलदारांच्या वर प्रांत, बास. त्यातही पहिल्या अर्जावर प्रत नकोच. पत्र मिळायच्या आधीच तक्रार झाल्यासारखं दिसतं. पहिल्या स्मरणपत्रावर लगेचच्या वरिष्ठाला माहितीस्तव, आणि तेही निष्फळ ठरलं तर मग जिल्हाधिकारी. मी ऐकलंय की काही लोक पहिल्याच अर्जाची प्रत पालकमंत्री, लोकायुक्त आणि सर्व वृत्तपत्रांना देतात. त्यांची टिंबं कुठे असतील, देव जाणे.

मला वाटलं होतं धमकी त्या खालच्या कोपऱ्यात आहे. अण्णांनी पेन्सिल वर नेली. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, "याची प्रत वरिष्ठांना दिली आहे याची गांभीर्याने नोंद घ्यावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल."

"धमकी ही इथं आहे. मॅडम चुकीच्या ओळीवर चिडल्या." मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मजकूर फक्त ज्याला पत्र लिहिलं त्याच्याशी बोलतो, प्रतीचा उच्चारही त्यात नको. कोणाला प्रत गेली हे तो खाली वाचेलच, त्याला डोळे आहेत. 'अन्यथा' गेलं, 'गांभीर्याने' गेलं. 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा, ज्यात एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलंय, तोही गेला. माझी आवडती ओळ होती ती. "कायदा खरा आहे हो, पण स्मरणपत्रात घातला की नोटीस होते," म्हणत त्यांनी तो तिसऱ्या पत्रासाठी राखून ठेवला. म्हणजे तिसरं पत्र लागणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

उरलेल्या जागेत त्यांनी दोन वाक्यं बसवली. "आपल्या कार्यालयाने तलाठी यांचा अहवाल मागविला असल्याचे समजते. पीककर्जाचे प्रकरण बँकेत प्रलंबित असल्याने आदेश लवकर मिळावा, ही विनंती." पहिलं वाक्य वाचून मला राग आला. ज्यांनी दोन महिने काही केलं नाही, त्यांचं कौतुक? पण अण्णांचा हिशोब सरळ होता: प्रांत ही प्रत वाचतील, तेव्हा त्यांना तहसीलदारांनी काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे. मग तहसीलदारांना ही प्रत खुपत नाही. फक्त अहवाल खरोखर मागवलेला असला पाहिजे. तो मागवला होता, हे मॅडमनीच मान वर न करता सांगितलं.

समोरच्या टपरीवरून पत्र पुन्हा टाईप करून आणलं, तीन प्रती काढल्या: मूळ, प्रांतांची, आणि पोचेची माझी. प्रांतांच्या प्रतीवर त्यांच्या नावापुढे पेनने बरोबरची खूण करायची, म्हणजे ही प्रत त्यांची हे तिथल्या आवकवाल्याला कळतं. आणि ती त्याच दिवशी खरोखर नेऊन द्यायची. नुसतं नाव लिहून प्रत न देणाऱ्याला पुन्हा कोणी घाबरत नाही, असं अण्णा म्हणाले. घाबरवायचं नव्हतं ना, असं मी विचारणार होतो, पण तोवर अण्णांना आतून बोलावणं आलं होतं, आणि उद्या या असं सांगून परतही पाठवलं होतं.

मॅडमनी नवा कागद वाचला. काही बोलल्या नाहीत, शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि नोंदवहीत विषय लिहिला. मी उलट्या बाजूने वाचलं: 'नावदुरुस्तीबाबत, पाडुरंग'.

"मॅडम, टिंब राहिलं."

"रेकॉर्डला आहे तेच लिहिते मी," त्या म्हणाल्या. "टिंब पाहिजे असेल तर अर्ज करा."