स्कॅन करून देणगी देताना पैसे नेमके कधी जातात?

आमच्या वाचनालयाची खजिनदारी माझ्याकडे आहे. वार्षिक देणगीसाठी टेबलावर क्यूआर कोडचा फलक लावला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बहुतेक सभासदांनी तो पाहून पाकिटातल्या नोटाच पुढे केल्या. कारण विचारल्यावर जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर एकच होते, "चुकून काहीतरी दाबले गेले तर?" या भीतीला "अहो, सोपे असते" असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. पैसे खरोखरच चुकीच्या ठिकाणी जाऊ शकतात आणि एकदा गेले की समोरच्याच्या संमतीशिवाय ते परत मिळणे फार कठीण असते, हे ज्येष्ठांना नेमके कळलेले असते. त्यांना कोणी सांगितलेले नसते ते एवढेच, की ही चूक कोणत्या पायरीपर्यंत मागे घेता येते.

यूपीआयच्या व्यवहारात कोड स्कॅन केल्याने पैसे जात नाहीत, रक्कम लिहिल्यानेही जात नाहीत आणि Pay असे लिहिलेले बटण दाबल्यानेही सहसा जात नाहीत. ते दाबल्यावर पिन विचारणारे पान उघडते. तुम्ही चार किंवा सहा आकडी यूपीआय पिन भरून खालची बरोबरची खूण दाबता, त्या क्षणी पैसे निघतात. त्याआधी कुठेही मागे फिरले तर व्यवहार रद्द होतो. असे मागे फिरल्यावर पडद्यावर लाल अक्षरांत 'अयशस्वी' असे काही दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण पिन भरलेलाच नसल्यामुळे पैसे गेलेले नसतात. पिन चुकीचा पडला तरी पैसे जात नाहीत. मात्र तो वारंवार चुकला तर बँक काही काळ पिन बंद ठेवते. या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. फोनमध्ये यूपीआय लाइट सुरू केलेले असेल तर लहान रकमा पिनशिवाय जातात आणि अलीकडे बोटाच्या ठशाने पैसे देण्याची सोयही आली आहे. या दोन्ही सोयी आपण स्वतः सुरू केल्याशिवाय चालू होत नाहीत, म्हणून नवशिक्या सभासदांनी त्या सुरूच करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या एका सभासद काकूंचे उदाहरण सांगते. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, वय चौऱ्याहत्तर. त्यांना ५०१ रुपये द्यायचे होते. मी त्यांना आधी एकच रुपया पाठवायला सांगितले. त्यांनी आपल्या हाताने अ‍ॅप उघडले, स्कॅनची खूण दाबली आणि फोन फलकापासून साधारण वीतभर अंतरावर स्थिर धरला. कोड आपोआप वाचला गेला आणि वर एक नाव आले. ते वाचून काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्या वाचनालयाचे नाव नाही."

त्यांचे थांबणे अगदी बरोबर होते, चूक आमची होती. आमचे बँक खाते संस्थेच्या नोंदणीकृत नावाने आहे, पडद्यावर ते इंग्रजीत आणि लांबलचक दिसते, तर गावात सगळे आम्हाला दुसऱ्याच सुटसुटीत नावाने ओळखतात. दुकानांतल्या फलकांवर दुसऱ्याच्या कोडची चिकटपट्टी लावून पैसे वळवण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि ते ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पडद्यावर येणारे नाव वाचणे. ते कोणते असायला हवे हेच आम्ही सभासदांना सांगितले नव्हते, तर त्यांनी ओळखायचे कसे? त्याच संध्याकाळी मी फलकाच्या खाली, पडद्यावर दिसते तसेच नाव ठळक अक्षरांत छापून लावले. देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवतानाही सोबत हे नाव लिहावे.

नावाची खात्री झाल्यावर काकूंनी एक रुपया पाठवला. मी वाचनालयाच्या खात्यात तो जमा झालेला दाखवला आणि मग त्यांनी ५०१ रुपयांसाठी पुन्हा सुरुवात केली. बोट दोनदा टेकल्यामुळे पडद्यावर ५०११ उमटले होते. त्यांच्या ते लक्षात आले नाही आणि मीही मुद्दाम बोलले नाही, कारण पुढचे पान अजून यायचे होते. पिनच्या पानावर To समोर ज्याला पैसे जाणार त्याचे नाव आणि Sending समोर रक्कम लिहिलेली असते. अ‍ॅप कोणतेही असो, हे पान साधारण सारखेच दिसते. तिथे काकूंनी मी सांगितल्याप्रमाणे रक्कम मोठ्याने वाचली, "पाच हजार अकरा", आणि लगेच मागे फिरल्या. पिन टाकण्यापूर्वी नाव आणि रक्कम ओठांनी उच्चारण्याची ही सवय मी सर्वांना लावते, कारण नजर जिथे घसरते तिथे उच्चार अडखळतो. रक्कम दुरुस्त करून त्यांनी पिन टाकला, तेव्हा मी तोंड दुसरीकडे वळवले. पिन खजिनदारालाही दिसू नये आणि नातवालाही सांगू नये.

कधी कधी हिरवी खूण येण्याऐवजी Pending असे दिसते. खरी चूक बहुधा इथे होते, कारण घाबरून माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. अशा वेळी फोन बाजूला ठेवावा आणि थोड्या वेळाने व्यवहारांच्या यादीत काय झाले ते पाहावे. पैसे कापले गेले पण संस्थेला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यक्तीच्या खात्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवसापर्यंत आणि व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्याच्या बाबतीत पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. मदतीसाठी इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर कधीही फोन करू नये, कारण तिथे भामटे टपून असतात. डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक वापरावा, नाहीतर सरळ शाखेत जावे.

आणि कोणी "तुमची देणगी परत करायची आहे, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे म्हणाले, तर तो फसवतो आहे असे निश्चित समजावे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तरीही फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे.

ज्यांची भीती एवढ्यानेही जात नाही, त्यांना मी पेन्शनचे खाते यूपीआयला न जोडण्याचा सल्ला देते. बचतीचे दुसरे खाते असेल तर त्यात दोन-तीन हजार रुपये ठेवावेत आणि तेवढेच खाते जोडावे, म्हणजे मोठ्यात मोठी चूकही तेवढ्याच रकमेची होईल.

व्यवहार पूर्ण झाल्यावर बारा आकडी संदर्भ क्रमांक येतो. काकूंनी तो देणगीच्या वहीत आपल्या वळणदार अक्षरात लिहिला, मी त्यावरून छापील पावती फाडून दिली, आणि त्यांनी ती चष्मा पुसून पुन्हा एकदा अंकी व अक्षरी तपासली.