‘नाही’ न म्हणण्याच्या कौतुकाबद्दल

आज दुपारी एका परिचितांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभाला गेले होते. शाल, श्रीफळ, पेढे, सारे यथासांग झाले. उत्तराच्या भाषणात सत्कारमूर्ती अभिमानाने म्हणाले, “संपूर्ण नोकरीत एकाही साहेबाला मी कधी ‘नाही’ म्हटले नाही.” त्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळी वाजवली नाही. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, तरीही वाजवली नाही. घरी येईपर्यंत मनातला संताप शमला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या यादीतील निम्म्या लोकांनी शासकीय कार्यालयात आयुष्य काढले आहे. त्यामुळे साहेबाला कधीच नकार न देणारा माणूस कोणकोणत्या कागदांवर सही करून मोकळा झाला असेल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. मला मात्र त्या टाळ्या ऐकताना एका वेगळ्याच माणसाची आठवण येत होती. कार्यालयाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

मी तेव्हा जिल्हा पातळीवरच्या एका कार्यालयात लेखा शाखेत होते. आस्थापना आणि खरेदीचे टेबल पलीकडच्या खोलीत होते आणि तिथे एक नवा कनिष्ठ लिपिक आला होता. वडील सेवेत असताना गेले, म्हणून अनुकंपा तत्त्वावर लागलेला, जेमतेम पंचविशीचा मुलगा. घरी आई आणि शिकणारी बहीण. त्याच्यावर अधीक्षक होते ते कार्यालयातले सर्वांत जुने आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे गृहस्थ. ते खोलीत आले की शिपाईसुद्धा भिंतीकडे सरकत. कोणाची नस्ती अडवायची, कोणाची पळवायची, हे तेच ठरवत आणि मोठे साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलत असल्यामुळे खरे कार्यालय त्यांचेच होते.

मार्च महिना सुरू होता. वसतिगृहांसाठी एकशेवीस लोखंडी पलंग हवे आहेत, असे एक मागणीपत्र आले होते. अंदाजे दर प्रत्येकी ६,५०० रुपये, म्हणजे एकूण ७,८०,००० रुपये. त्या काळी आपल्या राज्यात तीन लाख रुपये आणि त्यावरील खरेदीला ई-निविदा काढावी लागे. त्याखालच्या रकमेला किमान तीन दरपत्रके मागवली की भागत असे. अधीक्षकांनी मुलाला बोलावून तोंडी सांगितले की चाळीस-चाळीस पलंगांचे तीन प्रस्ताव कर. प्रत्येकी २,६०,००० रुपये, म्हणजे तिन्ही मर्यादेच्या आत. दरपत्रके मागवण्याचीही गरज नव्हती, कारण ती अधीक्षकांच्या खणात आधीच तयार होती.

त्या मुलाने ती दरपत्रके घेतली आणि आपल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तीन वेगवेगळ्या दुकानांची तीन पत्रशीर्षे, पण ‘पलंग’ या शब्दावरचा अनुस्वार तिन्हींत एकाच जागी सुटलेला. दर एकमेकांपासून बरोबर शंभर-शंभर रुपयांनी चढते. तारीख एकच, आणि तीही मागणीपत्र आपल्या आवक बारनिशीत नोंदले जाण्याच्या आदल्या दिवशीची. ज्याला मागणीच झाली नव्हती, त्या मालाचा दर तीन दुकानदारांनी एका सुरात कळवला होता! हे त्याने मला जेवणाच्या सुटीत दाखवले. मी लेखा शाखेत असल्याने त्याला वाटले, मला कळेल. कळले, अर्थातच. अशी दरपत्रके न ओळखणारा लेखा लिपिक मी तरी पाहिलेला नाही.

आता त्याने काय केले, ते नीट वाचा, कारण हल्ली धाडस म्हटले की लोकांना टेबलावर मूठ आपटणारा नायक दिसतो. त्याने आवाज चढवला नाही, माहिती अधिकारवाल्याला फोन केला नाही, निनावी तक्रारही केली नाही. त्याने टिपणी लिहिली. ही मागणी एकाच पत्रान्वये आणि एकाच लेखाशीर्षाखाली प्राप्त झाली असून तिची एकूण रक्कम ७,८०,००० रुपये आहे, सबब ई-निविदा प्रक्रिया राबवणे आवश्यक वाटते, तीन स्वतंत्र प्रस्ताव करावयाचे असल्यास तसे लेखी आदेश व्हावेत, ही विनंती, आदेशार्थ सादर. खाली सही, तारीख. टिपणी भागाच्या प्रत्येक पानावर त्याने शाईने क्रमांक घातला आणि नस्ती अधीक्षकांकडे पाठवल्याची नोंद स्वतःच्या कार्यविवरण नोंदवहीत केली.

अधीक्षकांचा आवाज आमच्या शाखेपर्यंत आला. “तू मला नियम शिकवणार? तुझ्या बापाच्या जागेवर बसलायस, एवढं लक्षात ठेव. हे पान काढ आणि दुसरं लिहून आण.” त्यावर तो मुलगा म्हणाला, आणि हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, “साहेब, पान काढत नाही. आपलं मत खाली लिहा, मी नस्ती पुढं नेतो.” त्याचा आवाज कापत होता. वडिलांचा उल्लेख झाल्यावर कोणाचा कापणार नाही?

याला कोणी उद्धटपणा म्हणत असेल, तर त्यातला उद्धट शब्द मला दाखवून द्यावा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ काय सांगतो? कर्मचाऱ्याने स्वतःच्या सर्वोत्तम निर्णयबुद्धीने काम करावे. वरिष्ठांच्या निदेशाने वागायचे असेल तेव्हा शक्य तेथे तो निदेश लेखी घ्यावा आणि लगेच लेखी मिळणे शक्य नसेल, तर नंतर शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा घ्यावा. म्हणजे तोंडी आदेश लेखी मागणे हा अपमान नव्हे, ते कर्तव्य आहे. आणि निर्णय घेणे हे लिपिकाचे काम नाही, हेही त्या मुलाला पक्के ठाऊक होते. अधिकाऱ्याने आपल्या अधिकारात, कारणे देऊन, वेगळा आदेश लेखी दिला असता, तर त्याने तो पाळला असता. त्याचा आग्रह एवढाच होता की ज्याचा निर्णय, त्याची सही.

अधीक्षक मुरलेले होते. त्यांनी टिपणीच्या समासात दोन शब्द लिहिले: ‘चर्चा करावी’. आमच्या कार्यालयांत नको असलेली टिपणी मारण्याची ही सर्वांत जुनी युक्ती. चर्चा बंद दाराआड होते, तिची नोंद कोठेही राहत नाही आणि खाली आलेला लिपिक मुकाट्याने नवी टिपणी लिहितो. जणू त्याचेच मतपरिवर्तन झाले. चर्चा झाली. काय झाली असेल, त्याची कल्पना करा. बाहेर येऊन त्याने त्याच पानावर पुढचा परिच्छेद लिहिला: निदेशानुसार चर्चा केली. चर्चेत तीन स्वतंत्र प्रस्ताव सादर करण्याच्या तोंडी सूचना मिळाल्या. लेखी आदेशार्थ पुनश्च सादर.

हा परिच्छेद मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला त्या मुलाविषयी आदर वाटतो. पहिली टिपणी एखादा तापट माणूसही लिहून जाईल. दारामागचे बोलणे जसेच्या तसे कागदावर आणायला मात्र डोके थंड लागते.

त्यानंतर नस्ती अधीक्षकांच्या टेबलावर पडून राहिली. परंतु बदल्या आणि विलंब यांबाबतचा २००५ चा जो अधिनियम आहे, त्याप्रमाणे कोणतीही नस्ती कोणाकडेही सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक प्रलंबित राहू नये आणि नस्ती कोणाकडे कधी गेली, हे मुलाच्या नोंदवहीत तारखेनिशी होते. अखेर ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी ई-निविदेचा आदेश दिला. त्यांनाही काही फार मोठी तत्त्वनिष्ठा सुचली असेल, असे मला वाटत नाही. ते वाक्य लिहिलेले असताना त्याखाली वेगळी सही करायला ते धजावले नाहीत, एवढेच.

मान्य करते की निविदेची मुदत मार्चअखेरच्या पलीकडे जात होती, निधी परत गेला आणि पलंग पुढच्या आर्थिक वर्षात आले. तोवर मुले जमिनीवर सतरंज्यांवर झोपली. हे मला आजही टोचते. पण त्याचा दोष नियमावर बोट ठेवणाऱ्या मुलाच्या माथी मारू नका. मागणी मार्चपर्यंत दाबून ठेवायची आणि मग ‘निधी जाईल’ अशी भीती घालून वाट्टेल त्यावर सही घ्यायची, हा खेळ कोण खेळते, ते आपण सारे जाणतो.

किंमत त्यानेच मोजली, हेही खरे. त्याचे टेबल काढून त्याला जावक विभागात पाकिटे चिकटवायला बसवले आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘सहकार्याची वृत्ती कमी’ असा शेरा आला. त्या वेळी त्याला समजावायला जे जे गेले, त्यांचा मला अधीक्षकांपेक्षा अधिक राग आहे. “अरे, घरात आई आहे, नसत्या भानगडी कशाला?” त्यांना एवढेही कळत नव्हते की तुकडे करून केलेल्या खरेदीवर लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो, तेव्हा खुलासा आधी खालच्या सहीकडे मागितला जातो. “प्रस्ताव तर आपणच सादर केला होता,” हे वाक्य वरचे सगळे म्हणतात. आईची काळजी होती म्हणूनच तर त्याने लिहायला हवे होते.

आणि झालेही तसेच. त्याच्या आधीच्या वर्षी, त्याच अधीक्षकांच्या सांगण्यावरून, त्याच पद्धतीने केलेल्या एका खरेदीवर आक्षेप निघाला. त्या टेबलावर तेव्हा असलेल्या लिपिक बाईंना खुलासा देता देता पुरेवाट झाली. अधीक्षकांनाही नोटीस आली. उतरत्या वयात तो करड्या आवाजाचा माणूस माझ्या टेबलाशी उभा राहून जुनी प्रमाणके शोधून द्या म्हणून विनवत होता, तेव्हा मला त्यांची दयाही आली. त्यांनाही कनिष्ठ असताना कोणीतरी असेच दरडावले असणार आणि तेव्हा त्यांच्यासाठीही टाळ्याच वाजल्या असतील. दया आली म्हणून मत बदललेले नाही.

तो मुलगा आता वरिष्ठ सहाय्यक झाला आहे आणि कनिष्ठांच्या टिपण्या त्याच्याकडे येतात. समारंभाहून परतताना मी त्याला फोन केला आणि विचारले, तुझ्याविरुद्ध कोणी लिहिते का? म्हणाला, “लिहिलं ना, ताई. एक नवी मुलगी आली आहे, तिनं मागच्या महिन्यात लिहिलं. दुपारभर राग आला होता. मग तिच्या टिपणीखाली ‘असहमत’ लिहिलं, कारणं दिली आणि नस्ती वर पाठवली.” मी विचारले, साहेबांनी कोणाचे मान्य केले? “माझं,” तो हसत म्हणाला, “तिनं जुना शासन निर्णय धरला होता. तसं तिलाही दाखवलं. पण पुढच्या वेळी ती मला पकडणार, असं दिसतंय.”